सायन्स घेतलं की सगळे रस्ते मोकळे?

मस्कतहून एका आईचं पत्र आलंय. "लेकीला दहावीनंतर पुण्यात आजीकडे ठेवतोय. तिथे तिला स्वतंत्र खोली नाही आणि मराठी लिहायची सवय नाही, त्याचीही काळजी आहेच. तिला सीए व्हायचंय. पण सासरे आणि इथली सगळी मित्रमंडळी म्हणतात, सायन्सच घ्या, पुढे सगळे रस्ते मोकळे राहतात. मला झोप लागत नाही."

झोप उडणारच. आपण परमुलखात राहतो, चार घरांची मुलं एकाच वयाची, प्रत्येक जेवणात हाच विषय. पण ताई, 'सगळे रस्ते' म्हणजे कुठले, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, याचं मला वाईट वाटलं.

कॉमर्स घेतल्यावर मुख्यतः दोन मोठे रस्ते बंद होतात. इंजिनिअरिंगला बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं, मेडिकलला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी. सीए फाउंडेशन किंवा पाच वर्षांचं लॉ मात्र कुठल्याही शाखेच्या बारावीनंतर करता येतं. आज रात्री लेकीला एवढंच विचारा, त्या दोनपैकी एकतरी तुला हवंय का?

मोकळ्या रस्त्याची किंमतही असते. माझ्या भाच्याने असंच सायन्स घेतलं. दोन वर्षं सकाळी कॉलेज, दुपारपासून क्लास. शेवटी बी.कॉम.लाच आला, तेव्हा वर्गातल्या मुलांचं बुक-कीपिंग दोन वर्षं झालेलं आणि हा जर्नल एंट्रीपासून सुरुवात करतोय. वहिनी रोज रात्री त्याच्याशेजारी बसायची. हुशार मुलगा, पण ते पहिलं वर्ष त्याने मान खाली घालून काढलं.

आता माझा हट्ट ऐका. कॉमर्स घ्या, पण गणित सोडू नका. आपल्या बोर्डाच्या कॉमर्सला गणित सक्तीचं नाही. बऱ्याच ठिकाणी गणित किंवा एसपी, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, यातलं एक निवडायचं असतं, आणि गणिताला घाबरून मुलं एसपीकडे वळतात. पण फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी एक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे, शंभर गुणांचा. त्यात चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. प्रत्येक पेपरात किमान चाळीस हवेत आणि एकूण निम्मे. दोन वर्षं गणित न केलेली मुलं इथेच अडकतात. कॉलेज पसंतीत टाकण्याआधी फोन करून विचारा, कॉमर्सला गणित मिळतं का, त्याची वेगळी तुकडी आहे का. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही घेतलं नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणून पहिलं नाव सासऱ्यांच्या आग्रहाखातर टाकू नका.

सासऱ्यांशी नवऱ्याला बोलू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. मराठी लिहिण्याची काळजी सोडा, इंग्रजी माध्यम आहे. आजीकडे खोली स्वतंत्र नसली तरी चालेल, एक टेबल मात्र तिचं एकटीचं असू द्या.