वीस हजार फुटांवर तीस इंच: विमानाच्या टर्बोचार्जरविषयी प्रश्नोत्तरे

बाहेर हवाच विरळ असताना इंजिनाची ताकद टिकते कशी?

समुद्रसपाटीला हवेचा दाब 29.92 इंच पारा असतो, 20,000 फुटांवर तो 13.75 इंच उरतो. सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये 30 इंच हवे असतील, तर कॉम्प्रेसरने बाहेरची हवा सुमारे 2.2 पट दाबायला हवी. त्यासाठी लागणारी शक्ती एक्झॉस्टमधून येते. टर्बाइन आणि कॉम्प्रेसर एकाच दांड्यावर फिरतात. खाली असताना एवढ्या दाबाची गरज नसते, म्हणून वेस्टगेट, म्हणजे एक्झॉस्टला बगल देणारी झडप, बराचसा उघडा राहतो आणि एक्झॉस्टचा मोठा भाग टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. जसजसे वर जाल तसतसा तो मिटत जातो.

मग एका उंचीनंतर मॅनिफोल्ड प्रेशर घसरू का लागते?

कारण वेस्टगेट पूर्ण मिटलेला असतो. सगळा एक्झॉस्ट टर्बाइनमधूनच जात असतो, वाढवायला काही शिल्लक नसते. हीच क्रिटिकल अल्टिट्यूड. तिच्या वर आरपीएम कमी केला की एक्झॉस्ट कमी होतो आणि प्रेशरही उतरते. खाली हे जाणवत नाही, कारण वेस्टगेट ते भरून काढतो.

प्रेशर 30 इंचच दिसते, तरी जमिनीइतकी ताकद का नाही?

गेज दाब दाखवतो, हवेचे वजन नाही. 20,000 फुटांवर प्रमाण वातावरणात तापमान उणे 25 अंश सेल्सियस असते. 2.2 पट दाबताना, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर हवा सुमारे 89 अंशांनी तापते आणि 64 अंशांवर बाहेर पडते. 15 अंशांच्या हवेपेक्षा ती जवळजवळ 15 टक्के विरळ असते. शिवाय गरम हवेने डिटोनेशनचा, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण आपोआप भडकण्याचा, धोका वाढतो. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरने तिच्या आणि बाहेरच्या तापमानातला 60 टक्के फरक काढला, तर तीच हवा 11 अंशांवर येते. माझ्या मते उंच उडणाऱ्याने यावरच आधी खर्च करावा. सिलिंडर थंड ठेवणे मात्र अवघडच राहते, कारण फिन्सवरून जाणारी हवा विरळच असते.

पूर्वी 18,000 फुटांपर्यंत 30 इंच मिळायचे, आता 14,000 फुटांवरच घसरते. खाली सगळे ठीक. काय तपासू?

दुरुस्ती होईपर्यंत उड्डाण करू नका. खाली वेस्टगेट गळती झाकतो, म्हणून दोष वरच उघड होतो. एक्झॉस्ट पाइपांचे सांधे आणि व्ही-बँड क्लॅम्प आधी पाहा, कारण तिथून निसटणारा तप्त वायू आग लावू शकतो. टेलपाइपमधून कमी दाबाची हवा सोडून सांध्यांवर साबणाचे पाणी लावा. स्लिप जॉइंटला थोडे बुडबुडे चालतात, वेल्डपाशी एकही नको. नंतर कॉम्प्रेसरपासून इंजिनापर्यंतच्या होज तपासा. शेवटी वेस्टगेट: बहुतेक रचनांत इंजिन ऑइलचा दाब तो मिटवतो आणि स्प्रिंग उघडते. काजळीने झडप अडकली किंवा ऑइलचा दाब कमी पडला, तर ती पूर्ण मिटत नाही.