दवाखान्यांचे नंबर लावण्याची फोनसेवा: दृष्टिहीन व्यक्तीसाठी घरबसल्या व्यवसाय

प्रश्न: "मला अजिबात दिसत नाही. स्मरणशक्ती चांगली आहे, आवाज स्पष्ट आहे आणि टॉकबॅकवर फोन सफाईने वापरता येतो. तालुक्याच्या गावी राहतो, भांडवल फारसे नाही. कोणता व्यवसाय करता येईल?"

मी स्वतः दृष्टिहीन असून फोनवरच काम करतो. त्या अनुभवावरून एकच व्यवसाय नीट सांगतो: गावातल्या खासगी दवाखान्यांसाठी रुग्णांचे नंबर लावून देण्याची आणि आदल्या संध्याकाळी त्यांना आठवण करून देण्याची सेवा. एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यात फोन बहुधा कंपाउंडरच घेतो. त्याच वेळी तो केसपेपर काढत असतो, पैसे घेत असतो, इंजेक्शनची तयारी करत असतो. त्यामुळे फोन वाजत राहतो, नाहीतर घाईत चुकीची वेळ सांगितली जाते. हे काम आपल्याकडे आले, तर डॉक्टरला त्याचे मोल लगेच कळते.

कामाची मांडणी अशी करावी. बोलण्यासाठी साधा बटणांचा फोन आणि नोंदीसाठी टॉकबॅक असलेला स्मार्टफोन, असे दोन वेगळे फोन ठेवावेत, कारण एकाच फोनवर रुग्णाचा आणि टॉकबॅकचा आवाज एकमेकांत मिसळतो. दवाखान्याचा फोन बिझी असताना किंवा उचलला न गेल्यास आपल्याकडे वळेल, अशी कॉल फॉरवर्डिंगची सोय त्या फोनच्या सेटिंगमध्ये करून घ्यावी. त्याहून सोपे म्हणजे आपलाच नंबर केसपेपरवर छापून घ्यावा.

स्मरणशक्तीचा खरा उपयोग इथे होतो. डोळस माणूस ऐकता ऐकता लिहितो. आपण मात्र नाव, गाव, जुना की नवा रुग्ण, मोबाईल क्रमांक आणि ठरलेली वेळ या पाच गोष्टी फोन संपेपर्यंत डोक्यात धरायच्या आणि पुढचा फोन उचलण्याआधी टाईप करायच्या. मध्येच दुसरा फोन वाजला, तर तो वाजू द्यावा आणि नोंद झाल्यावर आपण उलट फोन करावा. स्मरणशक्ती चांगली असलेल्या माणसाला नोंद न करण्याचा मोह होतो आणि व्यवसाय तिथेच बिघडतो. लक्षात असलेली यादी डॉक्टरच्या हातात देता येत नाही.

नोंदीसाठी स्प्रेडशीटच्या फंदात सुरुवातीला पडू नये, कारण फोनवर त्यातल्या चौकटींमधून टॉकबॅकने फिरणे फार वेळखाऊ आहे. साध्या नोट्समध्ये प्रत्येक रुग्णाची एक ओळ पुरते. मोबाईल क्रमांक मात्र अंक सुटे करून, मध्ये जागा सोडून लिहावा, म्हणजे टॉकबॅक एकेक अंक वाचतो. रुग्णालाही क्रमांक एकेक अंकानेच परत म्हणून दाखवावा. जोडीने सांगितल्यास एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत गफलत होते.

सर्वांत जास्त भांडणे एकाच वेळी दोन नंबर लागल्यामुळे होतात. आपण फोनवर सव्वादहाची वेळ देतो आणि तिकडे डॉक्टर समोरच्या रुग्णाला तीच वेळ सांगून बसतात. यावर उपाय म्हणजे वेळा आधीच वाटून घेणे. समजा सकाळी दहा ते एक दवाखाना चालतो आणि एका रुग्णाला पंधरा मिनिटे धरली, तर बारा जागा होतात. त्यांपैकी आठ फोनवाल्यांसाठी आपल्याकडे ठेवाव्यात आणि चार थेट येणाऱ्यांसाठी व तातडीच्या रुग्णांसाठी दवाखान्याकडे सोडाव्यात. रात्री अंतिम यादी व्हॉट्सॲपवर मजकूर म्हणून पाठवावी. आठवणीचा फोन करताना उपाशीपोटी यायचे आहे का, जुने रिपोर्ट आणायचे आहेत का, हे डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढेच सांगावे.

औषधाबद्दल एक शब्दही बोलू नये. छातीत दुखते, दम लागतो, रक्तस्राव होतो असे कुणी म्हणाले, तर वेळ देत न बसता ताबडतोब दवाखान्यात जायला किंवा १०८ वर फोन करायला सांगावे आणि डॉक्टरांनाही कळवावे. रुग्णाचा आजार गावात कुणाजवळही उच्चारू नये. लहान गावात अशी एक गोष्ट बाहेर गेली, की सगळ्या दवाखान्यांचे काम हातातून जाते. तसेच आपल्या साध्या मोबाईलवरून शिबिराची किंवा सवलतीची जाहिरात करणारे फोन करण्यास नकार द्यावा, कारण तक्रारी झाल्या तर नंबर बंद होऊ शकतो.

दर ठरवताना प्रति फोन पैसे मागू नयेत. त्याचा हिशेब कुणालाच पटत नाही. महिन्याची ठरावीक रक्कम घ्यावी. समजा एका दवाखान्याचे रोज पंचवीस फोन आणि प्रत्येकी तीन मिनिटे धरली, तर नोंदीसह दीड-दोन तासांचे काम होते. तीन हजार रुपये महिना ठरले, तर तीन दवाखान्यांचे नऊ हजार येतात आणि त्यातून रिचार्ज वजा जातो. तीनहून अधिक दवाखाने एकट्याने घेऊ नयेत, कारण सगळ्यांचे बरेचसे फोन सकाळच्या त्याच दोन तासांत येतात. चौथा घ्यायचाच असेल, तर संध्याकाळीच चालणारा, दातांचा किंवा फिजिओथेरपीचा पाहावा. तिथे रुग्ण ठरलेल्या वेळेला पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे आठवणीच्या फोनला अधिक महत्त्व असते.

पहिल्या डॉक्टरकडे जाताना संपूर्ण सेवा मागू नका. पंधरा दिवस फक्त आठवणीचे फोन विनामूल्य करून द्या आणि नंबर लावूनही न आलेल्या रुग्णांची संख्या आधी किती होती व नंतर किती राहिली, हे कंपाउंडरकडून लिहून घ्या. पैशांचे बोलणे त्या कागदावरून सुरू करा.