वहीत आकडे होते, अट नव्हती

प्रश्न: "छोट्या बिझनेस मीटिंगमध्ये दुभाषी म्हणून बसते. समोरचा दोन-तीन मिनिटं सलग बोलतो, मी भराभर सगळं लिहून घेते, तरी बोलायची वेळ आली की अर्धं विसरलेलं असतं. नोट्स नेमक्या घ्यायच्या कशा?"

उत्तर:

तुमची पोस्ट वाचली आणि माझी सुरुवातीची वर्षं डोळ्यासमोर आली. शब्दसंग्रह वगैरे तुमचा चांगलाच असणार, त्यावर वेळ घालवत नाही. मला सगळ्यात महाग पडलेली चूक सांगते.

पुरवठादार म्हणाला, "माल आम्ही ३० दिवसांत देऊ. मात्र नमुना तुम्ही लेखी मंजूर केल्याशिवाय दिवस मोजायला सुरुवात होणार नाही. आणि ४० टक्के आगाऊ रक्कम आली नाही, तर मंजुरी असूनही काम सुरू करता येणार नाही." मी लिहिलं: "३० दिवस, नमुना मंजूर, ४०% आगाऊ". तेच वाचून सांगितलं: ३० दिवसांत माल मिळेल, नमुना मंजूर करून घेऊ, ४० टक्के आगाऊ लागतील. एकही आकडा चुकला नाही. चुकलं ते त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं. ग्राहकाने आजपासून ३० दिवस धरले आणि पुढची पाऊण तास चर्चा त्याच तारखेवर झाली. गोंधळ बाहेर आला तेव्हा दोघांनाही वाटलं, समोरचा शब्द फिरवतोय. मी लगेच कबूल केलं की चूक माझ्या भाषांतराची आहे, पण तोवर बैठकीची हवा बिघडली होती.

ती अट कोटेशनमध्ये छापलेली होती. काम देणाऱ्या एजन्सीकडे मी कागद दोनदा मागितले होते. उत्तर आलं, "नुसती ओळखीची बैठक आहे, कागद कशाला?" याचा राग मला आजही येतो. ज्याला तिथे बसून बोलायचं आहे, त्यालाच अंधारात ठेवायचं! तेव्हापासून कोटेशन, मालाची नावं आणि उपस्थितांची यादी आधी मिळणार नसेल तर मी काम घेत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याला हे परवडेलच असं नाही, पण निदान मागणी लेखी करून ठेवा.

आता वहीचं. आज तेच बोलणं मी असं लिहीन:

```
        माल ३० दि.
मात्र   नमुना लेखी ✓
            → दि. १
आणि     ४०% ✗
            → काम ✗ (✓ असूनही)
────────
```

डावीकडे समास सोडायचा आणि त्यात फक्त जोडशब्द लिहायचे: मात्र, म्हणून, जर, तोपर्यंत. बाकीचं उजवीकडे, तिरकं, पायरीपायरीने खाली उतरत. पान वाया जातं, जाऊ द्या. पण कशावर काय अवलंबून आहे ते एका नजरेत दिसतं. जिनिव्हाच्या रोझाँ या दुभाष्याने १९५६ साली मांडलेली पद्धत याच धाटणीची आहे. नकार मी नेहमी फुलीनेच दाखवते, कारण घाईत "नाही" हा शब्दच गळतो. बोलणं संपलं की खाली आडवी रेघ, म्हणजे मागच्या भागातलं काही चुकून वाचलं जात नाही.

आकडा कानावर पडला की हातातलं सोडून आधी तो लिहा, त्याच्या एककासकट. आकडे आणि नावं यांना तर्काचा आधार नसतो, म्हणून ती डोक्यात टिकत नाहीत. उलट युक्तिवाद टिकतो. तुम्ही भराभर सगळं लिहिता म्हणूनच विसरता, असं माझं ठाम मत आहे. हात शब्दांमागे धावत असला की कान ऐकतो, पण मन अर्थ लावत नाही. ऐकताना मनात एवढंच विचारत राहा: कोण, काय करणार, कशाच्या अटीवर? बोलणारा "तीन गोष्टी आहेत" म्हणाला तर त्या डाव्या हाताच्या बोटांवर धरा. दोनच बोटं मिटली असतील तर एक निसटली हे तिथेच कळतं.

सरावासाठी दोन मिनिटांचं भाषण ऐका, काहीही न लिहिता, आणि त्याच भाषेत मोठ्याने सांगा. हे जमल्याशिवाय वही हातात घेऊ नका. मग नोट्स घेऊन भाषांतर करा आणि रेकॉर्ड करून मूळ भाषणाशी ताडून पाहा. शब्द सोडा, फक्त जोडशब्द आणि नकार तपासा.

हे सगळं टेबलाभोवतीच्या चार-सहा जणांच्या बैठकीपुरतं. कोर्टाच्या कामाचा मला अनुभव नाही, तिथले नियम वेगळे असतात.

आणि हो, अट नीट ऐकू आली नसेल तर भाषांतर सुरू करण्याआधीच विचारा: "दिवस मंजुरीपासून मोजायचे की आजपासून?" मात्र त्याआधी दुसऱ्या बाजूला सांगा की तुम्ही एक खुलासा विचारताय. नाहीतर तुमची आपापसात कुजबुज चालली आहे असं त्यांना वाटतं.