सलाइनचे थेंब चुकवणारी विद्यार्थिनी

अगं, मागे पडलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीसाठी सुधारणेची योजना करताना ‘औषधं देण्यात सुधारणा हवी’ असं ध्येय लिहू नकोस. त्यावरून काहीच तपासता येत नाही. सांगलीत माझ्याकडे दुसऱ्या वर्षाची एक मुलगी सलाइनचा वेग सतत चुकवायची. तिची वही पाहिली तेव्हा कळलं, ती तासांची मिनिटं करायचीच विसरते. मग ध्येय एकच ठेवलं: 2 आठवड्यांत सलग 5 हिशोब न विचारता बरोबर. उदाहरणार्थ 500 मिली, 8 तास, मिलीला 20 थेंब पाडणारा सलाइनचा सेट, म्हणजे मिनिटाला साधारण 21 थेंब. ड्यूटीआधी रोज 15 मिनिटं सराव, आणि मी तपासल्याशिवाय सलाइन सुरू करायचं नाही. आठव्या दिवशी आढावा घेऊन दोघींनी सह्या केल्या. तुझ्या विद्यार्थिनीची आठव्या दिवशी प्रगती दिसली नाही तर चौदाव्या दिवसाची वाट बघू नकोस, प्राचार्यांना लगेच कळव.