बडतर्फीच्या आदेशानंतरची तारखांची वही

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझ्या बडतर्फीच्या आदेशाचा फोटो मिळाला. आदेशावर 5 जानेवारी 2026 ही तारीख आहे. कंपनीच्या स्थायी आदेशांत अपिलाची मुदत काय दिली आहे, ते आधी बघ आणि त्या मुदतीत वरिष्ठांकडे अपील दाखल कर. दोन पानं पुरतील. चौकशीत तुझ्या साक्षीदाराला बोलावू दिलं नाही, ही तुझी सगळ्यात भक्कम बाजू, म्हणून ती पहिल्याच परिच्छेदात येऊ दे. अपील हातोहात दिलंस तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घे. पोच द्यायला नकार मिळाला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठव.

आता मुख्य गोष्ट. कंपनीकडे अपील पडून आहे म्हणून कायद्याची मुदत थांबत नाही.

मी कामगार संघटनेच्या कार्यालयात बसायचो तेव्हा एक वेल्डर माझ्याकडे आला. त्याच्या फाइलीत कंपनीची चार पत्रं होती आणि चारही पत्रांत एकच वाक्य होतं: ‘आपले अपील विचाराधीन आहे.’ साहेब चांगले आहेत, निर्णय येईल, या भरवशावर तो तीन वर्षं आणि दोन महिने थांबला होता. तेव्हाच्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराला थेट कामगार न्यायालयात अर्ज करण्यासाठी बडतर्फीपासून तीन वर्षं मिळायची. ती दोन महिन्यांपूर्वीच संपली होती. केस चांगली होती रे. चौकशी अधिकाऱ्याने आरोपपत्राची प्रतसुद्धा त्याला दिली नव्हती. पण थेट दार बंद झालं होतं. ती चार पत्रं अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

तुला तर तीन वर्षंही नाहीत. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. विवाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षं उलटली की समेट अधिकाऱ्याला कार्यवाही घेता येत नाही. तू आदेशाच्या तारखेपासून मोज, म्हणजे 5 जानेवारी 2028. ही शेवटची कड आहे, तिथपर्यंत जायचं नाही. अपिलाचं उत्तर महिनाभरात आलं नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेटासाठी अर्ज दे आणि आवक क्रमांक घेऊनच बाहेर पड. अपील चालू असताना हा अर्ज करायला काही हरकत नाही.

समेट म्हणजे निकाल नव्हे. अधिकारी दोन्ही बाजूंना समोर बसवून तडजोड होते का, हे बघतो. तुला परत कामावर घ्या, असा हुकूम तो काढू शकत नाही. कंपनीचा माणूस ‘वरून सूचना घेतो’ म्हणत तारखा मागेल. कार्यवाही सुरू झाल्यापासून 45 दिवसांत अहवाल देणं अपेक्षित आहे, म्हणून प्रत्येक तारखेला हजर राहा आणि लेखी म्हणणं दे. ‘राजीनामा लिहून दे, हिशेब लगेच देतो’ असा प्रस्ताव बहुधा इथेच येतो. राजीनामा दिलास की बडतर्फीविरुद्धची तुझी बाजू लुळी पडते. सही करण्याआधी मला फोन कर, रात्री केलास तरी चालेल.

तडजोड झाली नाही तर अधिकारी तसा अहवाल देतो. तो तुझ्या हाती पडल्यापासून न्यायाधिकरणात अर्ज करायला फक्त 90 दिवस असतात. आपण सवयीने कामगार कोर्ट म्हणतो. संहितेत हे काम औद्योगिक न्यायाधिकरणाकडे दिलं आहे. समज, अहवाल तुला 20 जुलैला मिळाला. नव्वदावा दिवस 18 ऑक्टोबर 2026 येतो आणि तो रविवार आहे. सोमवारचा भरवसा धरू नकोस, शुक्रवारी 16 तारखेला अर्ज आत गेला पाहिजे. अहवालाचं पाकीट फेकू नकोस, त्यावरचा पोस्टाचा शिक्का पुढे तुझा पुरावा ठरू शकतो. इथेच चूक होणं सोपं आहे, कारण दोन वर्षांचा आकडा डोक्यात बसलेला असतो आणि हे 90 दिवस कोणी सांगितलेलेच नसतात.

अर्जात सेवेत परत घेण्याबरोबर मागचा पगारही माग, आणि बडतर्फीनंतर दुसरीकडे कायम काम मिळालं नाही, हे स्पष्ट लिही. मागचा पगार हवा असेल तर कामगाराने हे आधी सांगावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटलं आहे. मधल्या काळात किरकोळ कामं केलीस तर तीही लपवू नकोस.

एक शंका राहते. हा मार्ग ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे. तुझ्या नेमणूकपत्रात ‘सुपरवायझर’ लिहिलंय. देखरेखीचं काम आणि पगार महिना 18,000 रुपयांहून जास्त असेल तर संहिता तुला कामगार मानत नाही. पण बघितलं जातं ते प्रत्यक्ष काम, पदाचं नाव नव्हे. तू दिवसभर मशीनवरच उभा असायचास ना? मग शिफ्टच्या नोंदी आणि उत्पादनाच्या स्लिपा, ज्यांवर तुझं नाव ऑपरेटर म्हणून आहे, त्या आजच गोळा कर. रविवारी येताना घेऊन ये, आपण अपिलाचा मसुदा बसून लिहू.

तुझा,
काका