दुधाच्या रतीबाचा हिशेब: खाडे, मधेच बदललेला दर आणि महिन्याचं बिल

प्रश्न: करवीर तालुक्यातल्या गावातून कोल्हापुरात ८५ घरी म्हशीच्या दुधाचा रतीब घालतो. खाडे वहीत लिहितो, पण महिनाअखेरीला प्रत्येक घरी वाद. गेल्या महिन्यात १६ तारखेपासून दर वाढवला आणि सगळाच घोळ झाला. गूगल शीटवर नीट बसवायचं आहे. कसं करू?

उत्तर:

वहीत चुकत नाही, खोडण्यात चुकतं. गिऱ्हाइकाच्या नावापुढे ‘१.५ लि., दर ७०’ असं एकदा लिहिलेलं असतं. दर वाढला की ७० खोडून ७२ केला जातो, आणि मग अख्ख्या महिन्याचं दूध ७२ नं लागतं. शीटमध्येही दर एकाच खान्यात ठेवलात तर नेमकं हेच होईल, फक्त जास्त वेगानं. मागची बिलंसुद्धा एका झटक्यात बदलतील. म्हणून नियम एकच धरा: जुना आकडा खोडायचा नाही, नवा आकडा तारखेसह खाली लिहायचा. दर, रोजचं ठरलेलं माप आणि चुकीची दुरुस्ती, तिन्हींना हाच नियम.

शीटमध्ये तीन पानं पुरतात. `Rates` पानावर दोनच रकाने: कोणत्या तारखेपासून आणि काय दर. १ एप्रिलला ७०, १६ जुलैला ७२, अशा ओळी वरून खाली तारखेच्या क्रमानं. `Roj` पानावर प्रत्येक घराची प्रत्येक दिवसाची एक ओळ: A तारीख, B गिऱ्हाइकाचा क्रमांक, C सकाळ, D संध्याकाळ, E कारण, F दर, G रक्कम. ८५ घरं गुणिले ३१ दिवस म्हणजे २,६३५ ओळी. ऐकायला जास्त वाटतं, पण गूगल शीटला हे काहीच नाही. शिवाय या ओळी महिन्याच्या सुरुवातीलाच ठरलेल्या मापानं भरून ठेवायच्या असतात. नंतर हात लागतो तो फक्त खाडा किंवा जादा दूध असलेल्या ओळीला. तिसरं पान बिलाचं.

`Roj` मधल्या F2 आणि G2 मध्ये हे घाला आणि खालपर्यंत ओढा:

```
=LOOKUP(A2, Rates!$A$2:$A$50, Rates!$B$2:$B$50)
=(C2+D2)*F2
```

`LOOKUP` त्या दिवशी किंवा त्याआधी लागू झालेला शेवटचा दर उचलतो. १५ जुलैला ७०, १६ ला ७२, तुम्ही काहीही न खोडता. मात्र `Rates` मधल्या तारखा चढत्या क्रमानं नसतील तर तो गुपचूप चुकीचा दर देतो, लाल रंगात ओरडत नाही. नवा दर नेहमी सकाळच्या दुधापासूनच लागू करा. संध्याकाळपासून केलात तर एका दिवसाला दोन दर होतात आणि हे सूत्र कोलमडतं.

सुरुवातीलाच एक जागा तपासा. `File > Settings` मध्ये `Locale` हे `India` आहे का ते बघा. ते `United States` असेल तर तुम्ही टाकलेला 05/07 हा ५ जुलै न राहता ७ मे होतो, आणि 16/07 ला सोळावा महिनाच नसल्यामुळे ती तारीख न राहता नुसता मजकूर होते. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख खान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. ‘दर लागत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी हेच बघायचं.

आता खाडे. वाद आकड्यावरून कमी आणि ‘खाडा कशाला म्हणायचं’ यावरून जास्त होतो. म्हणून E रकान्यात कारण लिहाच, आणि चारच कारणं ठेवा. गिऱ्हाइकानं वेळेत सांगितलेला खाडा: पैसे नाहीत. न सांगता दाराला कुलूप: इथं तुम्ही ठरवा, पण सगळ्यांना एकच नियम लावा. गोठ्यावर माणूस नाही, गाडी बंद पडली, पंचगंगेला पाणी येऊन रस्ता बंद झाला: हा तुमचा खाडा, पैसे कधीच नाहीत. चौथं, दूध नासलं म्हणून परत: दूध पोचलं होतं, तरी रक्कम वजा. चारही ठिकाणी लिटर शून्य झाले तरी कारण वेगळं राहिलं पाहिजे. महिनाअखेरी ‘आम्ही तर घरीच होतो’ असं कोणी म्हणालं की तुमचा खाडा आणि त्यांचा खाडा वेगळा दाखवता येतो. कुलपाचे पैसे लावायचे ठरवले असतील तर त्या ओळीत लिटर तसेच ठेवून नुसतं कारण लिहा, म्हणजे बिलात ते उघड दिसतं.

वेळेची हद्द रतीब लावतानाच सांगा: सकाळचं दूध बंद करायचं तर आदल्या रात्री ८ पर्यंत, संध्याकाळचं तर दुपारी १ पर्यंत. सुटं दूध उरलं तर गंगावेशच्या कट्ट्यावर खपतं किंवा विरजण लावता येतं, त्यामुळे दुधात थोडी ढील देता येते.

गिऱ्हाइकाचा निरोप टिपून घेताना सगळ्यात जास्त फसवणारं वाक्य म्हणजे ‘उद्यापासून चार दिवस नको.’ उद्या धरून चार की परवापासून? आणि पाचव्या दिवशी सकाळी आणायचं की संध्याकाळी? निरोपाला नेहमी तारखांनीच उत्तर द्या: ‘८, ९, १०, ११ दोन्ही वेळ बंद. १२ ला सकाळी चालू.’ जोतिबाच्या यात्रेला किंवा दिवाळीत गावी जाणाऱ्यांना परतीचा दिवस माहीत नसतो. त्यांना ‘सांगेपर्यंत बंद’ असं लिहून द्या आणि शीटमध्ये महिनाअखेरीपर्यंतच्या ओळी शून्य करा. चालू करायचा निरोप आला की त्या दिवसापासून माप परत भरा.

आता एक घर पूर्ण सोडवून दाखवतो. राजारामपुरीतलं, क्रमांक रा-१४. सकाळी १ लिटर, संध्याकाळी अर्धा. जुलैत ८ ते १० पूर्ण बंद, २० ला फक्त संध्याकाळ बंद, २४ ला सकाळी १ लिटर जादा. दर १५ पर्यंत ७०, १६ पासून ७२.

पहिले १५ दिवस: १५ × १.५ = २२.५ लिटर, त्यातून खाड्याचे ४.५ गेले, उरले १८. १८ × ७० = १,२६० रुपये. पुढचे १६ दिवस: १६ × १.५ = २४ लिटर, अर्धा गेला, एक आला, झाले २४.५. २४.५ × ७२ = १,७६४. जुलैचं दूध ३,०२४ रुपये.

एकूण दूध ४२.५ लिटर. ते सरसकट ७२ नं लावलं असतं तर ३,०६० झाले असते, म्हणजे गिऱ्हाइकाकडून ३६ रुपये जास्त. ‘मधला’ ७१ धरला तर ३,०१७.५० होतात आणि साडेसहा रुपये तुमचे बुडतात, कारण दुसऱ्या पंधरवड्यात दूध जास्त गेलं. सरासरी दर फक्त दोन्ही भागांत सारखंच दूध गेलं तर बरोबर येतो, आणि खाडे असले की तसं होत नाही.

याच घराचं जूनचं बिल ४५ लिटरचं, ३,१५० रुपये, गेलेलं होतं. त्यांनी ३,१०० दिले, ५० बाकी. मग जुलैत कळलं की २८ जूनला गाडीच आली नव्हती आणि तो खाडा लावायचा राहिला. इथं जूनची ओळ उघडून शून्य करू नका. गिऱ्हाइकाच्या हातात जूनचं छापील बिल आहे. शीट वेगळं बोलायला लागलं की विश्वास संपतो. जून तसाच ठेवा आणि जुलैच्या बिलात वेगळी वजावट दाखवा: ‘२८ जूनचा खाडा, १.५ लि. × ७० = १०५ वजा.’ दर त्या दिवसाचा, आजचा ७२ नव्हे. तीन रुपयांचाच फरक आहे, पण हाच फरक उलट दिशेनं निघाला की लोक लगेच बोट ठेवतात.

बिल असं दिसेल:

```
रा-१४              जुलै
मागील बाकी              ५०
१–१५   १८.० लि. × ७०   १,२६०
१६–३१  २४.५ लि. × ७२   १,७६४
वजा: २८ जून खाडा       −१०५
एकूण देय              २,९६९
खाडे: ८, ९, १० पूर्ण; २० संध्या.
जादा: २४ सकाळ १ लि.
```

शेवटच्या दोन ओळी गाळू नका. बऱ्याच घरी कॅलेंडरवर खाड्याच्या खुणा असतात आणि बाई त्याच्याशी तारखा ताडून बघतात. नुसता ‘खाडे ३.५’ असा आकडा दिला तर ताडायला काहीच राहत नाही.

बिलाच्या पानावर B1 मध्ये क्रमांक, B2 आणि B3 मध्ये पहिली व शेवटची तारीख, B4 मध्ये दर टाका. त्या दराचे लिटर असे येतात:

```
=SUMIFS(Roj!$C:$C, Roj!$B:$B, $B$1, Roj!$A:$A, ">="&$B$2, Roj!$A:$A, "<="&$B$3, Roj!$F:$F, $B$4)
```

हे फक्त सकाळचं झालं. संध्याकाळसाठी सुरुवातीचा `C` बदलून `D` करा आणि दोन्ही मिळवा. सरसकट रक्कम हवी तर तिथं `G` घाला आणि शेवटची दराची अट काढा.

बिलं वाटली की त्या महिन्याचा F रकाना निवडून कॉपी करा आणि तिथंच `Ctrl+Shift+V` नं चिकटवा. सूत्र जाऊन नुसते आकडे राहतात. मग पुढं `Rates` मध्ये चूक झाली तरी जुलै हलत नाही. त्यानंतर `Data > Protect sheets and ranges` मधून त्या ओळींना कुलूप लावा, विशेषतः शीट घरातली पोरं पण भरत असतील तर.

पैसे जमा करताना नावावर जाऊ नका. यूपीआयवर पैसे मुलाच्या किंवा भाडेकरूच्या नावानं येतात आणि मग कोणाचे ते कळत नाही. बिलावर ‘पैसे पाठवताना रा-१४ लिहा’ एवढं छापा. पैसे नेहमी मिळाले त्या तारखेला लिहा, बिलाच्या महिन्यात मागं सरकवू नका. पैशाचं गोलीकरण रोजच्या ओळीत करू नका, फक्त एकूण देय रकमेत करा.

रोजचं माप बदललं, म्हणजे २० तारखेपासून दीडाचं दोन लिटर झालं, तर २० च्या पुढच्याच ओळी बदला. आणि पुढच्या महिन्याच्या ओळी भरायच्या आधी शेवटच्या दिवसाच्या मापावर एक नजर टाका. शेवटचा दिवस नेमका खाड्याचा असेल आणि तीच ओळ पुढं ओढली तर त्या घराला महिनाभर शून्य लिटर लागतं, आणि दूध मात्र रोज जात राहतं.