लोह-थायोसायनेटचा समतोल स्थिरांक K काढताना

पाच मिश्रणांत फेरिक नायट्रेट तेवढंच ठेव, 0.002 M चं 5 मिली. थायोसायनेट (तेही 0.002 M) 1 ते 5 मिली घे आणि 0.5 M नायट्रिक आम्लाने एकूण 10 मिली कर. इथे पाणी वापरू नकोस. आम्ल कमी पडलं की लोहाचं जलापघटन होतं.

4 मिली थायोसायनेट घेतलेल्या मिश्रणात सुरुवातीला लोह 0.0010 आणि थायोसायनेट 0.0008 M असतं. प्रमाण द्रावणाशी तुलना करून लाल संकुल 0.00009 M आलं, तर दोन्हींतून तेवढं वजा कर: 0.00091 आणि 0.00071. संकुलाच्या 0.00009 ला या दोन्हींच्या गुणाकाराने भाग, म्हणजे K साधारण 139.

पाचही K जवळपास सारखे यायला हवेत. थायोसायनेट कमी असलेल्या मिश्रणांतच K फुगत असेल तर आधी ब्लँक, म्हणजे शून्य लावायची नळी, तपास. लोहाचं द्रावण स्वतःच किंचित पिवळं असतं आणि निळ्या फिल्टरला, सुमारे 450 नॅनोमीटरला, ते थोडा प्रकाश शोषतं. म्हणून कलरिमीटर शून्यावर आणताना नळीत तेवढंच लोह आणि आम्ल हवं, नुसतं पाणी नको. सगळेच K एकाच बाजूला सरकले असतील, तर मात्र संशय प्रमाण द्रावणावर: त्यात सगळं थायोसायनेट संकुलात गेलं असं आपण धरतो, पण 0.2 M लोह घेऊनही सुमारे 4 टक्के मोकळंच राहतं.